आमची वाटचाल: ४:२० ला पेन कुठे होतं?

शिकवणीचे व्हिडिओ बनवण्याच्या आमच्या कामातली बरीच वर्षं सुरळीत गेली, त्यांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. सांगायचं आहे ते कंपनी बुडता बुडता वाचली त्या सत्राबद्दल. एका स्पर्धकाने ‘आमचे व्हिडिओ मुलांना पुन्हा बघावे लागत नाहीत’ अशी जाहिरात केली. आम्ही धास्तावलो आणि मुलं जिथे जिथे व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा बघत होती, ते सगळे तुकडे कापून टाकले. चाचण्यांचे गुण घसरले, क्लासवाले सोडून गेले. ती जाहिरात अजून सलते. मूल मागे जातं ते समजलं नाही म्हणून, तसंच नियम वहीत उतरवायला किंवा आवाज नीट आला नाही म्हणूनही. कापलेल्यांत चांगले समजावलेले भागही गेले.

क्लास चालवणाऱ्या एक बाई मात्र आमच्याबरोबर राहिल्या. त्यांनीच विचारलं, “चुकलेल्या मुलांनी कोणता पर्याय निवडला, ते बघता का?” आम्ही नुसते गुण बघत होतो.

अपूर्णांकांच्या भागाकाराच्या व्हिडिओत ४:१० पाशी रीवाइंडच्या आलेखात उंचवटा होता. चाचणीतला प्रश्न होता ३/४ ÷ १/२, उत्तर ३/२. चुकलेल्यांपैकी बहुतेकांनी २/३ निवडलं होतं. ३/८ निवडलं असतं, तर मुलं उलटवायलाच विसरली असं म्हटलं असतं. पण २/३ येतं ते पहिला अपूर्णांक उलटवून गुणल्यावर.

मग लॉग उघडला. `seek_to` मध्ये मूल कुठे जाऊन पोचलं ते कळतं, `seek_from` मध्ये ते कुठे अडलं ते. ४:१० चा उंचवटा `seek_to` चा होता. आमचं बटण १० सेकंद मागे नेतं, म्हणजे मुलं ४:२० ला अडत होती. तिथे शिक्षक म्हणतात, “आता याला उलटं करायचं”, आणि पेन टेकलंय ३/४ वर.

तेवढंच वाक्य पुन्हा रेकॉर्ड केलं: “ज्याने भागायचं, तो १/२ उलटवायचा.” पेन १/२ खाली. पुढच्या तुकडीत २/३ निवडणारे थोडेच उरले. उंचवटा मात्र पुरता गेला नाही. लॉगमध्ये तिथे लांब पॉज दिसतात, म्हणजे मुलं नियम उतरवून घेतात. तो भाग आता कुणी कापायचा नाही.

मोजताना एकूण रीवाइंड धरू नका. एकच मूल वीसदा मागे जाऊ शकतं. त्या सेकंदापर्यंत पोचलेल्या मुलांपैकी किती वेगवेगळी मुलं मागे गेली, ते काढा. शेवटाकडे बघणारेच कमी उरतात, म्हणून हा भागाकार हवाच.

रीवाइंड नाही आणि गुणही नाहीत, अशी जागा आम्हाला सर्वांत जास्त छळते. तिथे एक तर प्रश्नच संदिग्ध असतो, नाही तर मुलाला समजल्याची खात्री असते आणि समजलेलं चुकीचं असतं. आधी प्रश्न तपासा. आणि प्रश्न व व्हिडिओ एकाच वेळी बदलू नका. गुण वाढले तरी ते कशामुळे, हे मग शोधता येत नाही.