नॅरेशनच्या आधीचं कागदकाम

रावेर तालुक्यात वादळाने आडवी झालेली केळीची बाग आणि विम्याच्या पंचनाम्यासाठी भांडणारी मुलगी, एवढीच माझी कथा होती. मुंबईच्या निर्मात्याला ती ऐकवण्याआधी एका वकील मित्राने स्पष्ट सांगितलं, "भाऊ, या एका ओळीवर तुझा हक्क नाही. उद्या दुसऱ्यानेही लिहिली तर तू काही करू शकत नाहीस." कायदा तसाच आहे. आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्येच सांगितलंय की कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती ज्या रूपात मांडली त्यावर असतो.

म्हणून आधी प्रसंग पक्के केले. मुलगी पंचनाम्याच्या फोटोत दुसऱ्याच शेताची विहीर ओळखते, मग बापाला न सांगता कटणीवाल्या मजुरांच्या सह्या गोळा करते. कुठल्या प्रसंगानंतर कुठला, कोण काय बोलतं, सगळं सविस्तर उतरवलं. हेच माझं म्हणून दाखवता येतं.

अहिराणी संवाद पारोळ्याच्या मामांनी लिहिले होते. नोंदणीआधी त्यांच्यासमोर कागद ठेवला: कथा-पटकथा माझी, अहिराणी संवाद त्यांचे, मानधन आणि श्रेय असं असं. मामा म्हणाले, "आपल्या घरात कागद कशाला रे?" मी म्हटलं, "मामा, तुमचं नाव पडद्यावर यायला हवं म्हणूनच." मग दोघांनी सह्या केल्या. निर्माता हक्क लिहून मागतो तेव्हा सहलेखकाची संमती लागते, आणि ती तेव्हा मागत बसलं की घरात वाद होतात.

पुढचं काम सोपं होतं. स्क्रीनरायटर्स असोसिएशनचा सभासद झालो आणि पटकथेची पीडीएफ त्यांच्या वेबसाइटवर नोंदवली. ही नोंदणी एवढंच सांगते की या तारखेला हा मजकूर माझ्याकडे होता. तो अस्सल आहे की नाही, हे तिथे कोणी तपासत नाही. सरकारी कॉपीराइट कार्यालयातही अर्ज केला. साहित्यकृतीची फी 500 रुपये. डायरी क्रमांक लगेच मिळतो, पण हरकतींसाठी 30 दिवस थांबावंच लागतं आणि प्रमाणपत्राला त्याहून वेळ लागतो. कॉपीराइट मात्र लिहिल्या क्षणापासूनच असतो, नोंदणी हा त्याचा पुरावा. म्हणून प्रमाणपत्राची वाट न बघता भेट घेतली.

नॅरेशन संपल्यावर त्याच संध्याकाळी निर्मात्याला ईमेल केला: "आज आपण माझी पटकथा ऐकलीत, ती विचारार्थ सोबत पाठवतोय. नोंदणी क्रमांक पहिल्या पानावर आहे. ती फक्त आपल्या वाचनासाठी आहे." मला हा ईमेल नोंदणीइतकाच मोलाचा वाटतो. नकलेचा दावा करायचा तर समोरच्याला तुमचं लिखाण मिळालं होतं हे दाखवावं लागतं, आणि ते नोंदणीतून दिसत नाही.

त्यांनी शेवट बदलायला सांगितला. नवा खर्डा वेगळ्या तारखेने पुन्हा नोंदवला. जुना तसाच ठेवलाय.