गळकी भिंत आणि खरी उत्तरं

"आम्ही खोटं एक अक्षर बोललो नाही, त्यांनी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, मग फसवलं कसं?"

मी रीसेल फ्लॅटची कागदपत्रं करतो, त्यामुळे विकणाऱ्यांकडून हे वरचेवर ऐकतो. नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणूक नाही हे कायदाही मानतो. १८७२ च्या करार कायद्यात कलम १७ खाली घोड्याची उदाहरणं दिलीत. लिलावात अधू घोडा विकला आणि मालक काही बोलला नाही, तर ती फसवणूक नाही. पण घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल तर सांगणं भाग आहे. आणि घेणारा म्हणाला की तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा धड आहे असं मी धरतो, आणि तरी हा गप्प, तर ते गप्प बसणं म्हणजे बोलणंच.

फ्लॅटच्या बाबतीत तर घोड्याएवढीही सूट नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, करारात वेगळं ठरलं नसेल तर, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला नेहमीची काळजी घेऊनही दिसणार नाही असा महत्त्वाचा दोष सांगावाच लागतो. समजा बेडरूमची भिंत दर पावसाळ्यात ओली होते आणि फ्लॅट दाखवला मार्चमध्ये, भिंत खडखडीत कोरडी, तर घेणाऱ्याला कळणार कसं? त्यात मुद्दाम ओल झाकायला पुट्टी मारून रंग दिला असेल तर ते गप्प बसणंही उरत नाही, ते लपवणं झालं.

पण मला सगळ्यात वाईट वाटतं ते तिसरंच. घेणारा विचारतो, गळती आहे का? उत्तर येतं, "अहो, दोन वर्षांपूर्वीच वॉटरप्रूफिंग करून घेतलंय, बिल दाखवू का?" बिल खरं, काम खरं, फक्त त्यानंतरच्या पावसाळ्यात भिंत परत ओली झाली तेवढं गाळलं. गप्प राहिला असता तर समोरच्याने अजून चार प्रश्न विचारले असते, इथे खरं बोलून त्याचा प्रश्नच बंद केला. माझ्या मते हे सरळ खोट्याच्या अगदी शेजारी बसतं. वर्तनशास्त्रज्ञ टॉड रॉजर्स आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासातही हेच दिसलं, असं खरं बोलून फसवणाऱ्यांना ते खोट्यापेक्षा बरंच सौम्य वाटतं, पण फसलेल्यांना तसं वाटत नाही.

आता घेणाऱ्यांसाठी. करार कायद्याच्या कलम १९ मध्ये एक अपवाद आहे, गप्प राहून फसवलं असेल आणि तुम्हाला साध्या चौकशीत खरं कळू शकलं असतं, तर करार रद्द करून मागता येत नाही. सरळ खोटं बोलून फसवलं असेल तर हा अपवाद लागू होत नाही. म्हणून प्रश्न असा विचारा की हो किंवा नाही एवढंच उत्तर निघेल, "मागच्या पावसाळ्यात ही भिंत ओली झाली होती का?" उत्तरात वॉटरप्रूफिंगची गोष्ट सुरू झाली तर ऐकून घ्या, मग तोच प्रश्न परत विचारा, आणि उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागा.