काचेचे दार, आरसा आणि इन्व्हर्टरची बॅटरी: रोबोच्या अंतरमापकाची नोंद

मागच्या नोंदीपर्यंत रोबोची चाके, मोटारी आणि एन्कोडर यांचे काम पूर्ण झाले होते. त्यानंतरच्या पाच आठवड्यांत मी पुढच्या बाजूला VL53L1X हा प्रकाशाच्या प्रवासाच्या वेळेवरून अंतर मोजणारा सेन्सर बसवला. तो जोडण्याचे आणि त्याच्याकडून रीडिंग घेण्याचे काम एका संध्याकाळीच झाले. उरलेला सगळा वेळ बाल्कनीच्या सरकत्या काचेच्या दाराने, शयनगृहातल्या उभ्या आरशाने आणि जिन्याखाली ठेवलेल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीने घेतला. या तिन्ही वस्तू सेन्सरला चकवतात, परंतु प्रत्येकीची चकवण्याची रीत निराळी आहे आणि म्हणून उपायही निराळा आहे. ही नोंद त्याविषयी आहे.

हा सेन्सर 940 नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा लेसर प्रकाश सुमारे 27 अंशांच्या शंकूत सोडतो आणि परत येणारे प्रकाशकण 16 × 16 अतिसंवेदनशील घटकांच्या जाळीवर मोजतो. एक मिलिमीटर अंतर जाऊन येण्यास प्रकाशाला साधारण 6.7 पिकोसेकंद लागतात, त्यामुळे एकाच स्पंदावरून अंतर काढता येत नाही. असंख्य स्पंदांतून आलेल्या कणांची सरासरी घ्यावी लागते. परतलेल्या प्रकाशाच्या तीव्रतेवरून अंतर ठरत नाही हे खरे, पण पुरेसा प्रकाश परतलाच नाही तर अंतर ठरवायला काही उरत नाही.

पहिली चूक इथेच झाली होती. मी फक्त अंतराचा आकडा वाचत होतो. मोजमाप फसले तरी सेन्सर आकडा देतोच, आणि तो विश्वासार्ह आहे की नाही हे वेगळ्या स्टेटसमध्ये सांगतो. 0 असेल तर मोजमाप ग्राह्य, 1 म्हणजे मोजमापातला चढउतार प्रमाणाबाहेर, 2 म्हणजे परतलेला प्रकाश अपुरा, आणि 7 म्हणजे पल्ल्यापलीकडच्या वस्तूचा प्रकाश पुढच्या फेरीत मोजला गेल्याची शक्यता. मी उत्पादकाची हलकी लायब्ररी वापरतो. तिच्यात हे सारे एका वाचनात मिळते.

```c
VL53L1X_Result_t r;
VL53L1X_GetResult(dev, &r);
mm  = (r.Status == 0) ? r.Distance : UNKNOWN;
sig = r.SigPerSPAD;
```

शेवटच्या ओळीतील `SigPerSPAD` महत्त्वाचे आहे. वस्तू उजळ असेल तर सेन्सर स्वतःच जाळीतले काही घटक बंद करतो, त्यामुळे एकूण सिग्नलची तुलना करून वस्तू किती प्रकाश परतवते हे कळत नाही. दर घटकामागचा सिग्नल घेतला तरच ती तुलना खरी ठरते. साध्या, प्रकाश विखुरणाऱ्या पृष्ठभागाचा सिग्नल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. म्हणून सिग्नलला अंतराच्या वर्गाने गुणले की त्या पृष्ठभागाची एक ओळख मिळते आणि ती जवळून मोजली काय किंवा लांबून, साधारण तेवढीच राहते.

ही ओळख मी घरातल्या वस्तूंची काढली. दिवाणखान्याच्या पांढऱ्या भिंतीला 100 मानले, तर काळ्या सुती पडद्याची ओळख 70 च्या आसपास आली आणि बॅटरीच्या काळ्या प्लॅस्टिकच्या खोक्याची जेमतेम 6. डोळ्यांना दोन्ही सारखेच काळे दिसतात. कापडाचे काळे रंग बहुधा दृश्य प्रकाश शोषतात आणि अवरक्त प्रकाश परतवतात, तर काळ्या प्लॅस्टिकात आणि रबरात घातलेली काजळी दोन्ही प्रकार गिळते. त्यामुळे कोणती वस्तू सेन्सरला काळी दिसेल हे नजरेने ठरवू नये, ती वस्तू समोर धरून मोजावी. मी टायर, चपलांचे तळवे, प्रवासाची बॅग असे जे हाती लागले ते सगळे मोजले आणि दोनदा तरी माझा अंदाज साफ चुकला.

सिग्नल अंतराच्या वर्गाने घटत असल्यामुळे पल्ला परावर्तनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो. माझ्या सेटिंगवर भिंत 3 मीटरपर्यंत भरवशाने दिसते. 0.06 चे वर्गमूळ 0.245 येते, म्हणजे बॅटरी साधारण 73 सेंटिमीटरपासून दिसू लागायला हवी. प्रत्यक्षात ती समोरून 70 च्या जवळ दिसली आणि तिरकी असताना 55 च्या आत. त्याआधी सतत स्टेटस 2 येत होते, आणि माझ्या जुन्या प्रोग्रॅममध्ये त्याचा अर्थ ‘समोर काही नाही’ असा घेतला जात होता. रोबो त्यामुळे पूर्ण वेगाने बॅटरीकडे जात होता.

स्टेटस 2 चा अर्थ थेट ‘थांबा’ असाही घेता येत नाही, कारण लांब मोकळ्या दिवाणखान्यातही तेच स्टेटस येते आणि मग रोबो हलतच नाही. मी काढलेला मार्ग असा: सेन्सरच्या मौनाचा अर्थ घरातल्या सर्वांत काळ्या वस्तूवरून ठरवायचा. ती वस्तू तिरकी असतानाही 55 सेंटिमीटरवर दिसते, म्हणून मौनाचा अर्थ ‘50 सेंटिमीटर मोकळे आहेत, त्यापुढचे माहीत नाही’ असा धरला. नियंत्रणाला मी UNKNOWN ऐवजी 500 मिलिमीटर देतो, आणि 50 सेंटिमीटरमध्ये थांबता येईल एवढाच वेग तो ठेवतो. मोकळ्या जागेत रोबो थोडा हळू चालतो, पण बॅटरीला त्यानंतर एकदाही धडकलेला नाही. सिग्नलची किमान मर्यादा खाली आणूनही पाहिले. पल्ला वाढला, पण रिकाम्या जागी खोटे अडथळे दिसू लागले, म्हणून ती मूळच्या 1024 वर परत नेली.

बॅटरी निदान मौन तरी पाळते. काचेचे दार स्टेटस 0 सह पलीकडच्या कठड्याचे अंतर सांगते, आणि त्या एका रीडिंगमध्ये संशय घ्यावा असे काहीच नसते.

गंमत अशी की पहिल्या चाचणीत काच व्यवस्थित ओळखली गेली होती. रोबो दारासमोर सरळ चालवला, तो 40 सेंटिमीटरवर थांबला आणि मला काम झाले असे वाटले. दुसऱ्या दिवशी तो तसाच थांबला, वाट शोधण्यासाठी जागच्या जागी 20 अंश वळला, आणि मग पुढे जाऊन काचेवर आदळला. आवाज ऐकून आई स्वयंपाकघरातून धावत आली. दाराला काही झाले नाही, रोबोच्या सेन्सरची पट्टी मात्र वाकली.

कारण भूमितीत आहे. साधी काच लंब पडणाऱ्या प्रकाशापैकी प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे 4 टक्के, म्हणजे दोन्ही मिळून 8 टक्क्यांच्या आसपास परतवते आणि उरलेला बहुतेक पलीकडे जाऊ देते. हे 8 टक्के कमी वाटतात, पण ते भिंतीसारखे सगळीकडे विखुरत नाहीत, आरशासारखे एकाच दिशेने परततात. काच समोर असताना ते थेट सेन्सरवर येतात आणि दूरच्या कठड्याच्या सिग्नलवर सहज मात करतात. सेन्सरपासून काचेवर टाकलेला लंब 27 अंशांच्या शंकूत असेपर्यंतच हे घडते, म्हणजे काच दोन्ही बाजूंना जेमतेम 13 अंशांपर्यंत तिरकी असेल तेव्हाच. त्यापुढे काचेचा प्रकाश भलतीकडे जातो आणि सेन्सरला कठडाच दिसतो. मी दाराकडे 0 ते 60 अंशांच्या कोनांत, दर 10 अंशांनी, रोबो नेऊन पाहिला. 0 आणि 10 ला काच दिसली, 20 पासून पुढे एकदाही नाही.

उभ्या आरशाचेही हेच गणित आहे, फक्त त्याचे खोटे अधिक ठाम असते. रोबो आरशापासून 40 सेंटिमीटरवर तिरका उभा होता, प्रकाश आरशावरून वळून 90 सेंटिमीटरवरच्या पलंगाच्या बाजूवर पडत होता आणि त्याच वाटेने परतत होता. रीडिंग 1300 मिलिमीटरच्या जवळ, सिग्नल भरपूर, स्टेटस 0. प्रकाशाने तेवढा प्रवास खरोखर केला होता, त्यामुळे सेन्सरला चुकीचे म्हणता येत नाही.

यावर दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे एका सेन्सरऐवजी तीन बसवले, मधला सरळ आणि बाजूचे 25 अंश बाहेर वळवलेले. प्रत्येकाचा शंकू 13 अंश इकडे-तिकडे धरला तर तिघे मिळून लंबाच्या दोन्ही बाजूंना साधारण 38 अंश व्यापतात. नव्या चाचणीत 30 अंशांपर्यंत काच प्रत्येक वेळी दिसली, 40 ला कधी दिसली कधी नाही. तिन्ही सेन्सर एकाच वेळी चालवले तर एकाचा प्रकाश दुसऱ्याच्या मोजमापात मिसळू शकतो, म्हणून मी त्यांना आळीपाळीने 33 मिलिसेकंद देतो. पूर्ण फेरीला 100 मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात रोबो 30 सेंटिमीटर प्रति सेकंद वेगाने 3 सेंटिमीटर सरकतो. घरात हे चालते.

दुसरी गोष्ट अधिक मोलाची ठरली, ती म्हणजे स्मरण. रोबो वळत असताना साध्या भिंतीचे अंतर हळूहळू बदलते, पण काच किंवा आरसा अचानक उगवतो आणि 25 अंशांच्या आत अचानक मावळतो. असे उगवणे-मावळणे दिसले की प्रोग्रॅम त्या जागी सेन्सरच्या अक्षाला लंब अशी 60 सेंटिमीटर लांबीची रेषा नकाशावर ठेवतो आणि नंतरच्या ‘मोकळे आहे’ अशा रीडिंगने ती पुसू देत नाही. चकचकीत पृष्ठभाग दिसला याचाच अर्थ तो सेन्सरला जवळजवळ काटकोनात होता, त्यामुळे रेषेची दिशा आपोआप मिळते. ज्या वळणावर रोबो पहिल्यांदा आदळला होता, तिथे तो आता काचेला समांतर जातो.

40 अंशांपुढच्या कोनांसाठी दोन्ही कोपऱ्यांवर, 50 अंश बाहेर वळवून, आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारे HC-SR04 सेन्सर बसवले आहेत. त्यांच्या 40 किलोहर्ट्झ आवाजाची तरंगलांबी साडेआठ मिलिमीटर असते, त्यामुळे काच त्या आवाजालाही आरसाच वाटते, परंतु तो पलीकडे न जाता जवळजवळ सगळाच परततो. पडद्यासारख्या मऊ वस्तू आवाज गिळतात. त्या मात्र लेसरला छान दिसतात, म्हणून दोघांपैकी जो कमी अंतर सांगेल त्याचे ऐकायचे असा नियम केला आहे. ज्यांच्याकडे ESP32 आहे त्यांनी या सेन्सरची 5 व्होल्टची Echo पिन थेट जोडू नये. मी 1 आणि 2 किलोओहमचे दोन रोधक लावून व्होल्टेज 3.3 पर्यंत उतरवले आहे.

आमच्या दारावर सेन्सरच्या उंचीला दुधी फिल्मची 5 सेंटिमीटरची पट्टी लावूनही पाहिली. तिने सगळे कोन एका झटक्यात सुटले, पण प्रोग्रॅमची परीक्षा राहून जाऊ नये म्हणून ती काढून टाकली.

आता प्रश्न उन्हाचा आहे. सकाळी साडेआठच्या सुमारास त्याच दारातून ऊन सरळ आत येते, सभोवतालचा प्रकाश सांगणारा `Ambient` चा आकडा एकदम चढतो आणि मधल्या सेन्सरचे निम्म्याहून अधिक स्टेटस 1 किंवा 2 होतात, म्हणजे नेमके दारापाशी काच दिसण्याचे कोनही जातात. 1.3 मीटरच्या जवळच्या पल्ल्याचा मोड उन्हात अधिक टिकतो, म्हणून येत्या रविवारी सकाळी `Ambient` ठराविक मर्यादेवर गेला की मोड आपोआप बदलून त्याच सात कोनांची चाचणी पुन्हा घेणार आहे.