मनाई हुकमालाच स्थगिती मिळते तेव्हा

“पेपरात कधी ‘न्यायालयाचा मनाई हुकूम’ असं येतं, कधी ‘न्यायालयाची स्थगिती’. दोन्हींनी काम बंदच पडतं ना? मग फरक तो काय?”

मनाई हुकूम माणसाला बजावलेला असतो: अमुक गोष्ट तू करायची नाहीस. स्थगिती मिळते ती आधीच्या एखाद्या आदेशाला, निवाड्याला किंवा परवान्याला. त्याची अंमलबजावणी तेवढी थांबते. म्हणूनच स्थगितीमुळे काम बंद पडेलच असे नाही, काही वेळा बंद पडलेले काम तिच्यामुळेच पुन्हा सुरू होते. पंचायतीने बांधकाम पाडण्याचा आदेश दिला आणि त्याला स्थगिती मिळाली, तर बांधकाम उभे राहते. बांधकाम परवान्यालाच स्थगिती मिळाली, तर गवंडी घरी जातो. बातमीत ‘स्थगिती’ हा शब्द दिसला की मी आधी ती कशाला मिळाली आहे ते पाहतो.

म्हापशाच्या न्यायालयात वकिली करताना बार्देशातल्या एका वाड्यावरची कुंपणभिंत माझ्याकडे आली होती. शेजाऱ्याने वाड्याच्या जुन्या पायवाटेवर चिऱ्यांची भिंत घालायला घेतली, दोन थर चढले आणि माझ्या अशिलांनी दिवाणी दावा दाखल केला. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील ३९ व्या आदेशाखाली आम्ही तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज केला. तिथे न्यायाधीश तीन गोष्टी पाहतात: दाव्यात सकृद्दर्शनी तथ्य आहे का, हुकूम न दिल्यास कोणाची गैरसोय अधिक होईल, आणि होणारे नुकसान नंतर पैशाने भरून निघण्यासारखे आहे का. वाड्यावरच्या आजारी माणसाला खुर्चीत बसवून रस्त्यापर्यंत नेण्याची तीच एक वाट होती, हे तिसऱ्या मुद्द्यावर निर्णायक ठरले. दोन्ही बाजू ऐकून, शेजाऱ्याच्या वकिलांसमक्ष, दाव्याचा निकाल लागेपर्यंत भिंतीचे काम करू नये असा हुकूम झाला.

तरीही दोन दिवसांनी तिसरा थर चढला. शेजाऱ्याने लगोलग जिल्हा न्यायालयात अपील केले. नुसते अपील दाखल केल्याने खालचा हुकूम थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. ती त्यांनी मागितली आणि आठवड्याभरात त्यांना मिळाली. ‘न्यायालयाची स्थगिती’ एवढेच कानावर पडल्यामुळे माझे अशील आनंदाने फोन करू लागले, आणि स्थगिती आपल्याच हुकमाला मिळाली आहे, आता भिंत वाढणार आहे, हे त्यांना सांगणे मला फार जड गेले. त्या मुदतीत चौथा आणि पाचवा थर चढला.

आता त्या भिंतीकडे नीट पाहा. पहिले दोन थर हुकमापूर्वीचे असल्यामुळे त्यांनी कोणताही हुकूम मोडलेला नव्हता. तिसरा थर हुकूम माहीत असताना चढवलेला होता. स्थगिती तिच्या तारखेपासून पुढे चालते, मागची अवज्ञा धुऊन काढत नाही, त्यामुळे त्या थराबद्दल मालमत्ता जप्त करण्याची किंवा तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेची मागणी करणारा अर्ज आम्हांला करता आला. चौथ्या आणि पाचव्या थराबद्दल मात्र अवज्ञेची तक्रार करता येत नव्हती, कारण त्या दिवसांत हुकूम रद्द झालेला नसला तरी त्याचा अंमल थांबलेला होता.

हुकमाची माहिती कधी झाली, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी येतो, पण त्याचे परिणाम वेगळे आहेत. मुलराज विरुद्ध मूर्ती रघुनाथजी महाराज या १९६७ सालच्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद स्पष्ट केला. मनाई हुकूम पक्षकारावर असतो आणि त्याला तो माहीत असेल तरच अवज्ञेची शिक्षा होते. निवाड्याच्या अंमलबजावणीला दिलेली स्थगिती मात्र ती अंमलबजावणी करणाऱ्या न्यायालयाला उद्देशून असते. ती कळल्यानंतर त्या न्यायालयाने काही केले, तर ते निरर्थक ठरते. कळण्यापूर्वी केलेले आपोआप निरर्थक ठरत नाही, मात्र न्यायासाठी गरज पडली तर न्यायालय ते फिरवू शकते. म्हणून स्थगिती मिळताच तिची प्रत त्याच दिवशी खालच्या न्यायालयात पोहोचवण्यासाठी वकिलांची धावपळ चालते.

पुढे जिल्हा न्यायालयाने ते अपील फेटाळले. अपिलाबरोबर स्थगिती संपली आणि आमचा मनाई हुकूम, नव्याने काहीही मागावे न लागता, पुन्हा लागू झाला. सहावा थर चढला नाही. चढलेले पाच थर मात्र तसेच उभे राहिले, कारण ते उतरवायचे की नाही हे मूळ दाव्यातच ठरणार होते, आणि तोवर माझे अशील आजाऱ्याची खुर्ची त्या भिंतीवरून उचलून पलीकडे नेत होते.