आमची वाटचाल: चोवीस दारं

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत दारांच्या दुकानासाठी छोटा गाळा घेऊन मी आणि आमचे मिस्त्री, दोघांनी सुरुवात केली. पहिलं मोठं काम राजारामपुरीतल्या इमारतीचं, बाथरूमची चोवीस दारं. शेजारच्या दुकानदारानं दर पाडला, म्हणून मीही पुरवठादाराच्या ‘वॉटरप्रूफ’ शिक्क्यावर विसंबून स्वस्त फ्लश डोअर उचलली. पावसाळा सरला तोवर सगळी खालून फुगली होती. बिल्डरनं बिल अडवलं. पुरवठादार म्हणाला, फिटिंग तुमचं चुकलं. ते बोलणं अजून सलतं, कारण त्यात निम्मं खरं होतं.

मिस्त्रींनी एक दार उतरवून आडवं टाकलं आणि खालच्या कडेला पटाशी लावली. ती दोन बोटं आत गेली, ओल्या भुशासारखा चोथा बाहेर आला. “मालक, दार वरनं न्हाई, खालनं मरतंय,” ते म्हणाले. फरशीच्या उंचीला बसावं म्हणून आम्हीच प्रत्येक दार अर्धा इंच कापलं होतं आणि ती कडा उघडीच सोडली होती. फरशी धुतली की पाणी तिथूनच वर चढायचं. आतला गोंद युरियाचा, ओलीत टिकणारा नव्हे. बायकोचे दागिने गहाण टाकून सगळी दारं बदलली.

तेव्हापासून नवीन मालाचा तुकडा आधी दुकानात उकळत ठेवतो. फिनॉलच्या गोंदाचा तुकडा तासन्‌तास उकळूनही थर सोडत नाही; साध्या मालाचे पापुद्रे सुटतात. तरीही कापलेल्या कडेला इपॉक्सीचे दोन हात दिल्याशिवाय दार बसवत नाही. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून बनणाऱ्या डब्ल्यूपीसीला ओलीची भीती नाही, पण दार जड, म्हणून आधी बारीक भोक पाडूनच स्क्रू घाला आणि बिजागऱ्या न गंजणाऱ्या ३०४ स्टीलच्याच घ्या, नाहीतर दार लोंबतं.

दारातल्या हवेच्या जाळीचंही तसंच. बंद बाथरूममध्ये एक्झॉस्ट लावला, पण दाराखालून हवा आत यायला वाट नसली, तर पंखा नुसता घरघरतो, वाफ तिथंच राहते. जाळीची पाती उलट्या व्हीसारखी घ्या. उडालेलं पाणी आतल्या उतारावरून आतच परततं आणि बाहेरून काही दिसत नाही. फ्लश दारात जाळीसाठी कापलेल्या चारही कडा मात्र आधी बुजवा. तीही उघडी तोंडंच.

शाहूपुरीतल्या काकू आमच्या पहिल्या गिऱ्हाईक. त्यांचे सासरे आत पडले, कडी आतून लावलेली, दार आत उघडणारं, आणि माणूस दाराला टेकलेला. शेवटी दाराचा पत्रा कापून त्यांना बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी त्या दुकानात आल्या. आम्ही दार बाहेर उघडणारं केलं आणि बाहेरून नाणं फिरवून उघडणारं कुलूप बसवलं. परवा नातवाच्या फ्लॅटसाठी त्या पुन्हा आल्या. दर विचारला नाही, म्हणाल्या, “तेच कुलूप टाका.”