वाघाला कोणी पाहिलं?

आमच्या बाईंचा इंग्रजीचा तास मधल्या सुट्टीनंतर असायचा. डबे खाऊन डोळे जड झालेले असत, म्हणून व्याकरण शिकवताना बाई पुस्तकातली उदाहरणं घेतच नसत. वर्गातलीच पोरं फळ्यावर यायची.

सातवीत त्यांनी 'डिड' शिकवलं. तोवर आम्ही सगळे "व्हाय यू केम लेट?" असंच विचारायचो. त्यात नवल नव्हतं. आम्ही इंदूरची पोरं, घरी मराठी आणि बाहेर राजवाड्यावर हिंदी. दोन्हींत नुसतं 'का' किंवा 'क्यों' घातलं की प्रश्न तयार होतो, मदतीला दुसरं क्रियापद लागत नाही. बाईंनी घोकून घेतलं: 'व्हाय डिड यू कम लेट?' भूतकाळ 'डिड'ने उचलला, म्हणून 'केम'चं परत 'कम' झालं. हे एकदा अंगवळणी पडलं आणि वर्ग दुसऱ्या टोकाला गेला. जिथे तिथे 'डिड'! "हू डिड टेक माय पेन?" "हू डिड ब्रेक द स्केल?"

बाईंनी लगेच दुरुस्त केलं नाही. त्याच सुमारास आमची सहल कमला नेहरू प्राणिसंग्रहालयात गेली होती आणि मधू वाघाच्या पिंजऱ्यासमोरून हलायलाच तयार नव्हता. दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन वाक्यं आली: 'मधू सॉ द टायगर' आणि 'द टायगर सॉ मधू'. मग बाई म्हणाल्या, "मधूने वाघाला पाहिलं की वाघाने मधूला, हे मराठीत कशावरून कळतं रे?" आम्ही म्हणालो, 'ने' आणि 'ला'वरून. शब्द कितीही मागेपुढे केले तरी अर्थ ढळत नाही. इंग्रजीत ते प्रत्यय नाहीत. क्रियापदाच्या आधी बसला तो पाहणारा, नंतर बसला तो दिसलेला. सगळी मदार जागेवर.

मग त्यांनी दोन्ही वाक्यांतल्या मधूवर ओला बोळा फिरवला. दोन्हींचं उत्तर मधूच, पण प्रश्न वेगळे. पहिल्यात मधू कर्ता होता. त्याच्या रिकाम्या जागी 'हू' लिहिलं: 'हू सॉ द टायगर?' बास, प्रश्न झाला. काही हलवायचं नाही, 'डिड' आणायचं नाही, 'सॉ'ला हात लावायचा नाही. दुसऱ्यात पुसलेला मधू कर्म होता. तिथला 'हू' उचलून पुढे न्यायचा, पण वाघ तर कर्त्याच्या जागी बसलेलाच आहे. नुसतं 'हू द टायगर सॉ' चालत नाही. वाघाच्या आधी 'डिड' येतं आणि 'सॉ'चं 'सी' होतं: 'हू डिड द टायगर सी?' म्हणजे 'कोणी' आणि 'कोणाला' हा फरक इंग्रजी अशा मांडणीतून दाखवते. कर्मासाठी 'हूम' असतो हेही बाईंनी सांगितलं, पण बोलताना तो फारसा कोणी वापरत नाही.

मी आता भंवरकुआँच्या एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवतो आणि अजून हीच रीत वापरतो: आधी उत्तराचं पूर्ण वाक्य लिहा, जे विचारायचं ते पुसा, मग कोणती जागा रिकामी झाली ते पाहा. 'हू'पुरतंच पाठ केलेली मुलं 'हाऊ मेनी'पाशी अडकतात. 'हाऊ मेनी बॉईज सॉ द टायगर?' इथे पाहणारी मुलंच विचारली आहेत, म्हणून 'डिड' नाही. 'हाऊ मेनी टायगर्स डिड द बॉईज सी?' इथे पाहणारी मुलं वाक्यात हजर आहेत आणि विचारले आहेत वाघ, म्हणून 'डिड' हवं. 'व्हॉट हॅपन्ड?' तर रोजच्या तोंडातलं, तरी इंटरव्ह्यूच्या सरावात चांगले पदवीधर "व्हॉट डिड हॅपन?" म्हणतात. तसं म्हणता येतं, पण जोर द्यायचा असेल तेव्हाच: सगळ्यांनी कानावर हात ठेवले की वैतागून विचारतात ना, "अरे, मग झालं तरी काय?", तेव्हा.

त्या दिवशी मागच्या बाकावरून एक खोचक शंका आली होती. वाघ ज्याने पाहिला नाही त्याला शोधायचं तर? बाई खूश झाल्या. 'हू डिडन्ट सी द टायगर?' इथे 'हू' कर्ताच आहे, तरी 'डिड' येतं, कारण 'नॉट'ला टेकायला सहायक क्रियापद लागतं. "आणि हू सॉ द टायगर?" त्यांनी वर्गाला विचारलं. सगळे ओरडले, "मधू सॉ!" बाईंनी मान हलवली. थोडक्यात उत्तर देताना 'मधू डिड' म्हणायचं. प्रश्नात नसलेलं 'डिड' उत्तरात येतं, हे मधूला शेवटपर्यंत पटलं नाही.