उलटा फिरणारा पंखा

सांगलीतल्या एका महाविद्यालयातून तक्रार आली होती: रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत फ्यूम हूड, म्हणजे घातक वाफा खेचून बाहेर टाकणारं पुढून काचेचं कपाट, चालू असतानाही अमोनियाचा वास येतो. एप्रिलची दुपार होती. बटण दाबल्यावर गच्चीवरचा ब्लोअर सुरू झाल्याचा आवाज डक्टमधून खाली येत होता. "पंखा तर फिरतोय की, सर," असं प्रयोगशाळेतले मामा म्हणाले, आणि ते खरंच होतं. त्यामुळेच कित्येक महिने कुणाला शंका आली नव्हती.

आवाजावरून हूडची पारख होत नाही. काचेखालच्या उघड्या तोंडातून हवा किती वेगानं आत जाते, ते मोजावं लागतं. शिक्षणसंस्थेतल्या साध्या कामाला सरासरी दर सेकंदाला अर्धा मीटर वेग धरतात. या हूडचं तोंड 1.2 मीटर रुंद होतं. काच कामाच्या खुणेपर्यंत, म्हणजे 45 सेंटिमीटर उघडली, की क्षेत्रफळ 0.54 चौरस मीटर होतं. अर्ध्या मीटरच्या वेगानं तिथून तासाला साधारण 970 घनमीटर हवा खेचली जायला हवी. तोंडाचे नऊ सारखे भाग पाडून प्रत्येकाच्या मध्यावर अ‍ॅनिमोमीटर धरला. सरासरी आली 0.18. म्हणजे जेमतेम 350 घनमीटर.

मग उदबत्तीचा धूर करून पाहिला. त्याआधी हूडमध्ये ज्वालाग्राही द्रव उघडा नाही ना, हे नीट तपासलं. ते तपासल्याशिवाय उदबत्ती पेटवूच नये. खालच्या कडेला धूर आत जात होता, पण काचेच्या खालच्या काठाजवळ तो घुटमळून मधूनच बाहेर यायचा. छताचा पंखा बंद केल्यावर बाहेर येणं कमी झालं. उन्हाळ्यात सांगलीत छताचे पंखे बंद ठेवा म्हणणं सोपं नाही, पण हूडच्या अगदी समोरच्या पंख्याचा झोत आत जाणाऱ्या हवेपेक्षा सहज जोरदार असतो. तो एक पंखा तरी काम चालू असताना बंदच हवा.

हूडच्या आत बाटल्यांची रांग होती, आणि वास येतो म्हणून ती वाढतच गेली होती. हूडच्या मागच्या भिंतीपुढे एक पत्रा असतो. त्याच्या खालच्या आणि वरच्या फटीतून हवा ओढली जाते. बाटल्या मागे सरकवून ठेवल्यामुळे खालची फट जवळजवळ बंद झाली होती. त्या बाहेर काढल्यावर वेग 0.23 झाला. सुधारणा झाली, पण निम्म्याचीही मजल नव्हती. म्हणजे मूळ दोष वर, गच्चीवर होता.

ब्लोअरच्या पत्र्यावर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो. इथं तो गंजाखाली झाकला गेला होता. पत्रा घासून बाण मोकळा केला, मोटर बंद करायला सांगितली आणि शाफ्ट थांबताना पाहिला, कारण पूर्ण वेगात दिशा डोळ्यांना कळत नाही. शाफ्ट बाणाच्या उलट फिरत होता.

घरातला साधा एक्झॉस्ट पंखा उलटा फिरला तर वारा उलटा येतो आणि लगेच कळतं. गोगलगायीच्या शंखासारखं कवच असलेल्या सेंट्रिफ्यूगल ब्लोअरचं तसं नाही. पाती कशीही फिरली तरी हवा बाहेरच्या बाजूला फेकतात, आणि कवचाला बाहेर पडायची वाट एकच असते. त्यामुळे दिशा तीच राहते, आवाज राहतो, काचेखाली धरलेला कागदही जरासा आत ओढला जातो. फक्त हवेचं प्रमाण खूप घटतं. फसगत होते ती इथंच.

कारण विचारल्यावर सापडलं. मागे मोटर जळाली होती, ती रिवाइंडिंगला नेली होती. परत बसवताना थ्री-फेजच्या तीन वायरींपैकी दोन अदलाबदल होऊन जोडल्या गेल्या. थ्री-फेज मोटरला तेवढंच पुरतं. दुरुस्तीही तेवढीच: मेन स्विच बंद करून त्याला कुलूप घातलं, टेस्टरनं वीज नसल्याची खात्री केली आणि वायरमननं कोणत्याही दोन वायरींच्या जागा बदलल्या. खाली येऊन पुन्हा नऊ ठिकाणी मोजलं: सरासरी 0.52. मोटर, स्टार्टर किंवा त्या लाइनच्या केबलला हात लागला, की दिशा आणि वेग दोन्ही पुन्हा पाहायलाच हवेत.

आता बाहेर काढलेल्या बाटल्यांचा प्रश्न. त्यांच्या काचेवर आणि लेबलांवर पांढरा थर होता. तो धूळ नव्हता. अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल शेजारी ठेवलं की बुचांतून निसटणाऱ्या वाफा हवेत भेटतात आणि अमोनियम क्लोराइडची बारीक भुकटी बसते. कपाट उघडल्यावर असा थर दिसला तर दोन गोष्टी नक्की समजाव्यात: बुचं घट्ट नाहीत आणि मांडणी चुकली आहे. इथं तर बाटल्या वर्णानुक्रमानं लावल्या होत्या, त्यामुळे असेटिक आम्ल आणि अमोनिया एकाच फळीवर. शोधायला सोपं, पण धोक्याचं. त्याच दिवशी गट पाडले. अमोनिया वेगळ्या कपाटात गेला. नायट्रिक आम्ल एकटं, त्याच्या स्वतःच्या प्लास्टिक ट्रेमध्ये. असेटिक आम्ल सेंद्रिय आणि ज्वलनशील असल्यानं ते नायट्रिकजवळ कधीच नको. ट्रे इतका खोल घेतला की सर्वांत मोठी बाटली फुटली तरी द्रव त्यातच राहील. हूडमध्ये फक्त चालू प्रयोगाचं सामान, तेही काचेपासून किमान 15 सेंटिमीटर आत.

तीव्र अमोनियाची बाटली उन्हाळ्यात आणखी एक त्रास देते. गरम खोलीत आतला दाब वाढतो आणि बूच काढताच द्रव फसकन वर येतो. आधी बाटली थंड पाण्यात ठेवून, चष्मा घालून, हूडमध्येच उघडायची. हा द्रव डोळ्यात गेला तर अल्कली असल्यानं तो आम्लापेक्षा वेगानं खोल शिरतो. म्हणून शेवटी आयवॉश, म्हणजे डोळे धुवायचा नळ, तपासला.

दांडी ओढल्यावर आधी तांबूस पाणी आलं, मग कढत. थर्मामीटरवर 46 अंश. आयवॉशचं पाणी 16 ते 38 अंशांत असावं, कारण इतक्या गरम पाण्यात कुणी डोळा उघडा ठेवू शकत नाही. पाइप पश्चिमेच्या भिंतीवरून उन्हातून आला होता. साधारण मिनिटभरानं पाणी 33 अंशांवर उतरलं, पण ते पहिलं मिनिटच सर्वांत मोलाचं असतं. पाइप आतल्या भिंतीनं घ्यायला सांगितलं, आणि आठवड्यातून एकदा पाणी स्वच्छ होईपर्यंत सोडायचं मामांच्या कामात लिहून घेतलं.

भिंतीवर अर्ध्या लिटरची आयवॉश बाटलीही होती. रसायनशास्त्राच्या मॅडमनी विचारलं, "पाइपचं काम होईपर्यंत ही चालेल ना?" आयवॉशला मिनिटाला किमान दीड लिटर, तेही सलग 15 मिनिटं लागतं. म्हणजे साडेबावीस लिटर. त्या हिशेबानं ही बाटली 20 सेकंदांत संपते. सिंकपर्यंत जाईतो तिचा उपयोग, त्यापुढे नाही. तोवर सावलीतल्या टाकीच्या नळाला मऊ नळी जोडून हलक्या धारेची सोय केली. शेजारी ठेवलेलं बोरिक आम्लाचं द्रावण मात्र काढून टाकलं. डोळ्यात अल्कली गेली म्हणून आम्ल घालायचं नसतं. फक्त पाणी, बोटांनी पापण्या उघड्या धरून, डोळा सगळीकडे फिरवत, आणि लेन्स असेल तर धुणं न थांबवता ती काढायची. त्यानंतर वास आणि दुखणं थांबलं तरी नेत्रतज्ज्ञाकडे जायचं, सोबत बाटलीच्या लेबलाचा फोटो घेऊन.